साखरेतला कार्बन आणि साखरेतली ऊर्जा

अकरावी विज्ञान झालेल्या कुणालाही विचारा, गुळाच्या खड्यातला कार्बन आला कुठून? उत्तर लगेच येतं: हवेतून. आणि त्यातली ऊर्जा? सूर्याकडून. आता तिसरा प्रश्न विचारा. हवेतून आलेला कार्बन आणि सूर्याकडून आलेली ऊर्जा एकमेकांना नेमक्या कुठल्या पायरीवर भेटतात? इथे बहुतेक जण थबकतात. दोष त्यांचा नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात प्रकाश अभिक्रियेची आकृती एका पानावर असते आणि केल्विन चक्राची दुसऱ्या. दोन्ही आकृत्या वेगवेगळ्या पाठ होतात, दोन्हींना वेगळे गुण मिळतात, आणि त्यांना जोडणारा दुवा ‘एटीपी’ आणि ‘एनएडीपीएच’ अशा दोन बाणांवर भागवला जातो.

खरं तर हा सगळा धडा म्हणजे दोन वस्तूंचा माग आहे. प्रकाश अभिक्रियेत कार्बनचा एक अणूही भाग घेत नाही. केल्विन चक्रातल्या कुठल्याही रेणूवर उजेड पडायची गरज नसते. हे एकदा पक्कं केलं की माग काढणं सोपं होतं.

ऊर्जेपासून सुरुवात करू. प्रकाश येतो तो फोटॉनच्या रूपात, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांत. ६८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचे एक मोल फोटॉन घेतले तर त्यांत सुमारे १७६ किलोज्यूल ऊर्जा असते. निळ्या फोटॉनमध्ये याहून बरीच जास्त असते, पण पानाला तिचा उपयोग नाही. निळ्या फोटॉनने उत्तेजित झालेला हरितद्रव्याचा रेणू जादाची ऊर्जा क्षणार्धात उष्णता म्हणून टाकून देतो आणि लाल फोटॉनने जिथे पोचला असता तिथेच येऊन थांबतो. म्हणजे हिशेब मांडताना प्रत्येक फोटॉन लालच धरायला हरकत नाही.

ही उत्तेजित अवस्था फार काळ टिकत नाही. तिचं काम एकच, इलेक्ट्रॉनला धक्का देणं. हरितलवकातल्या पातळ पटलांमध्ये, म्हणजे थायलॅकॉइडमध्ये, दोन प्रकाशप्रणाली बसवलेल्या असतात. दुसरी प्रकाशप्रणाली पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि वाहकांच्या एका साखळीत सोडते. साखळीतून उतरत तो पहिल्या प्रकाशप्रणालीपाशी येतो. (नावं शोधाच्या क्रमाने पडली आहेत, कामाच्या क्रमाने नव्हे. विद्यार्थ्यांना गोंधळात टाकायला एवढं पुरेसं आहे.) तिथे त्याला दुसरा फोटॉन पुन्हा वर ढकलतो आणि शेवटी तो एनएडीपी या रेणूवर जाऊन बसतो. असे दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन मिळाले की त्याचा एनएडीपीएच होतो. पाण्यातला ऑक्सिजन मागे उरतो आणि हवेत निघून जातो.

एका इलेक्ट्रॉनमागे दोन फोटॉन हे लक्षात ठेवलं की पुढचं गणित आपोआप सुटतं. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्याचे दोन रेणू फुटावे लागतात, त्यातून चार इलेक्ट्रॉन मिळतात, चार इलेक्ट्रॉनांना आठ फोटॉन लागतात आणि हाती दोन एनएडीपीएच येतात. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूची साखर करायलाही नेमके दोनच एनएडीपीएच लागतात. म्हणून आठ फोटॉन ही एका कार्बनची कमीत कमी किंमत.

एटीपीचा मार्ग मात्र आडवळणाचा आहे. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना प्रोटॉन थायलॅकॉइडच्या आतल्या पोकळीत ढकलले जातात. पाणी फुटतानाही प्रोटॉन तिथेच सुटतात. आत प्रोटॉनांची दाटी, बाहेर तुटवडा, अशी स्थिती तयार होते. कोयनेच्या धरणात अडवलेलं पाणी जनित्र फिरवत खाली उतरतं, तसे हे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून बाहेर पडतात. त्या प्रथिनाचा एक भाग खरोखरच गोल फिरतो, आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो.

आंद्रे यागेनडॉर्फ या अमेरिकी संशोधकाने १९६६ साली हे फार सोप्या रीतीने दाखवलं. पालकाच्या पानातले थायलॅकॉइड त्याने अंधारात आम्लात, सुमारे ४ सामूच्या द्रावणात, भिजत ठेवले. आत प्रोटॉन भरले. मग ते एकदम ८ सामूच्या द्रावणात, एडीपी आणि फॉस्फेटसह टाकले. एटीपी तयार झाला. प्रकाश नव्हता, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नव्हता, होता फक्त पटलाच्या आतबाहेरचा प्रोटॉनांचा फरक. या धड्यात एकच प्रयोग सविस्तर शिकवायचा असेल तर मी हा निवडेन. ऊर्जा काही काळ कुठल्याही रेणूत नसते, पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात असते, हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं कुठल्याच आकृतीतून कळत नाही.

आता या दोन वाहकांवर किती ऊर्जा चढली ते पाहू. एका कार्बनमागे आठ मोल लाल फोटॉन, म्हणजे सुमारे १४०८ किलोज्यूल आत आले. दोन मोल एनएडीपीएचमध्ये प्रत्येकी सुमारे २२० प्रमाणे ४४० किलोज्यूल साठले. केल्विन चक्राला एका कार्बनमागे तीन एटीपी लागतात. पेशीतल्या परिस्थितीत प्रत्येकी सुमारे ५० धरले तर ते १५० होतात. एकूण ५९०. ग्लुकोजच्या एका मोलमध्ये सुमारे २८७० किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे दर कार्बनमागे ४७८.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. सर्वात मोठी गळती प्रकाशाची रासायनिक ऊर्जा होतानाच होऊन जाते. १४०८ चे ५९० होतात. पुढे केल्विन चक्रात ५९० चे ४७८ होतात, म्हणजे ते चक्र तुलनेने फार काटकसरी आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘एटीपी म्हणजे ऊर्जेचं चलन’ हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की साखरेतली ऊर्जाही एटीपीनेच आणली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जवळजवळ तीन चतुर्थांश भार एनएडीपीएच वाहतो. एटीपी मदतनीस आहे.

आता कार्बनच्या मागे जाऊ. हा माग काढायला खुणेचा कार्बन लागतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे सॅम रुबेन आणि मार्टिन केमन यांनी सुरुवातीला कार्बन-११ वापरून पाहिला. त्याचं अर्धायुष्य सुमारे वीस मिनिटांचं. प्रयोग उरकून पदार्थ वेगळे करेपर्यंत खूण पुसली जायची. १९४० मध्ये याच दोघांनी कार्बन-१४ शोधून काढला. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षांचं. आता घाई नव्हती.

युद्धानंतर मेल्विन केल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी बर्कलीलाच तो कामाला लावला. चपट्या काचपात्रात क्लोरेला किंवा सेनेडेस्मस ही हिरवी शेवाळं ठेवायची, दोन्ही बाजूंनी उजेड द्यायचा, खुणेचा कार्बन सोडायचा आणि ठरावीक सेकंदांनी खालची तोटी उघडून शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये पाडायचं. त्या क्षणी सगळ्या अभिक्रिया थांबतात. मग अर्क कागदावर दोन दिशांनी पसरवायचा आणि कागदाला क्ष-किरणांची फिल्म लावून ठेवायची. जिथे खुणेचा कार्बन, तिथे काळा डाग. मिनिटभर उजेड दिला तर डागच डाग उमटत. वेळ कमी करत आणली तसे डाग कमी होत गेले, आणि पाच सेकंदांवर बहुतेक सगळी खूण एकाच पदार्थात सापडली: फॉस्फोग्लिसरिक आम्ल, तीन कार्बनांचं. त्या रेणूचे तुकडे करून पाहिलं तेव्हा खूण मुख्यतः एकाच कार्बनवर होती, आम्लगटातल्या. १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामासाठी मिळालं, पण ते एकट्या केल्विनला. बेन्सनचं नाव त्यात नव्हतं. आज पुष्कळ लेखक ‘केल्विन-बेन्सन चक्र’ लिहितात ते योग्यच आहे.

पहिला पदार्थ तीन कार्बनांचा, मग कार्बन डायऑक्साइड चिकटतो तो दोन कार्बनांच्या रेणूला असणार, असा सरळ अंदाज होता. असा रेणू सापडलाच नाही. उत्तर मिळालं ते दिवा बंद करून. उजेडात सगळं सुरळीत चालू असताना एकदम अंधार केला की फॉस्फोग्लिसरिक आम्ल भराभर साचतं आणि रिब्युलोज बिसफॉस्फेट हा पाच कार्बनांचा रेणू आटतो. उलट उजेड तसाच ठेवून कार्बन डायऑक्साइड तोडला तर रिब्युलोज बिसफॉस्फेट साचतो आणि आम्ल घटतं. याचा अर्थ एकच. पाच कार्बनांचा रेणू कार्बन डायऑक्साइड धरतो, सहाचा होतो, आणि लगेच फुटून तीन-तीनचे दोन रेणू होतात.

अंधार केल्यावर आम्ल साचतं, याकडे नीट पाहा. साचतं म्हणजे ते तयार होणं काही क्षण चालूच राहतं. कार्बन धरणारी पायरी उजेड गेल्यावरही अडत नाही. अडते ती तिच्या पुढची. रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड रेणूला जोडतं त्या पायरीवर एटीपी लागत नाही, एनएडीपीएचही लागत नाही. ती अभिक्रिया उतारावरची आहे, तीत ऊर्जा बाहेर पडते. ‘कार्बन पकडायला ऊर्जा लागते’ असं लिहिणारा विद्यार्थी इथेच चुकतो, आणि त्याच्या चुकीवर बरोबरची खूण करणारे परीक्षकही कमी नाहीत.

मग ऊर्जा लागते कुठे? कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू घेऊन पाहू, कारण तीनवरच हिशेब पूर्णांकात बसतो. रिब्युलोज बिसफॉस्फेटचे तीन रेणू, म्हणजे १५ कार्बन, तयार आहेत. त्यांत तीन आले, १८ झाले. फुटून तीन-तीन कार्बनांच्या आम्लाचे सहा रेणू झाले. आता प्रत्येक रेणूला आधी एक एटीपी फॉस्फेट देतो, आणि मग एनएडीपीएच आपले इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली करतो. आम्लाचा अल्डिहाइड होतो, म्हणजेच साध्यातली साधी साखर तयार होते. तिला ट्रायोज फॉस्फेट म्हणतात. सहा रेणूंना सहा एटीपी आणि सहा एनएडीपीएच. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हीच पायरी. पाण्यातून निघून, दोन फोटॉनांचे धक्के खाऊन आलेला इलेक्ट्रॉन हवेतून आलेल्या कार्बनवर इथे बसतो. दुसरीकडे कुठेही नाही.

सहा ट्रायोजपैकी एकच बाहेर पडतो. उरलेल्या पाचांची, म्हणजे १५ कार्बनांची, अदलाबदल होऊन पाच कार्बनांचे तीन रेणू पुन्हा बनतात. या अदलाबदलीत चार, सहा आणि सात कार्बनांच्या साखरा येतात-जातात. त्या पाठ करण्यात विद्यार्थ्यांचा बराच वेळ खर्च होतो, पण ऊर्जेच्या हिशेबात त्यांना फारसं स्थान नाही. शेवटी तीन एटीपी खर्चून या तीन रेणूंना आणखी एकेक फॉस्फेट लावलं की कार्बन धरायला ते पुन्हा सज्ज होतात. रुबिस्कोची पायरी फुकट होते ती या आगाऊ खर्चामुळे. एकूण नऊ एटीपी, सहा एनएडीपीएच, आणि जमा एक ट्रायोज. ग्लुकोजपुरता हिशेब हवा असेल तर सगळं दुप्पट करायचं.

इथे एक गंमत आहे, जी पुस्तकात क्वचितच येते. तीन कार्बन आत आले, तीन बाहेर गेले, म्हणून गेलेले तेच होते असं नाही. तीन नवे कार्बन सहा रेणूंत विखुरलेले असतात, प्रत्येक जोडीतल्या एकात एक. त्या सहांतला एकच बाहेर जातो. म्हणजे सरासरीने बाहेर पडणाऱ्या तीन कार्बनांत नवा कार्बन अर्धाच असतो. बाकीचे अडीच आत फिरत राहतात आणि पुढच्या फेऱ्यांत कधीतरी बाहेर पडतात. म्हणूनच काही सेकंदांच्या प्रयोगात सहा कार्बनांच्या साखरेत खूण आधी मधल्या दोन कार्बनांवर दिसते, आणि वेळ वाढवला की सहाही कार्बनांवर पसरते.

या चक्राला अंधार अभिक्रिया म्हटलं तरी ते रात्री चालत नाही. एटीपी आणि एनएडीपीएच यांचा साठा अगदी थोडा असतो, प्रकाश गेला की लगोलग संपतो. शिवाय चक्रातली काही विकरं प्रकाश असतानाच जागी होतात. प्रोटॉन आत ओढले गेले की बाहेरच्या स्ट्रोमाचा सामू ७ वरून ८ च्या आसपास जातो, तिथे मॅग्नेशियमही वाढतं, आणि रुबिस्कोला हेच मानवतं. प्रकाश साखळीतल्याच काही इलेक्ट्रॉनांनी आणखी काही विकरांची कुलपं उघडतात. उजेड गेला की ती बंद होतात. रात्री साखर जाळणं आणि साखर करणं एकाच वेळी चालू राहिलं असतं तर एटीपी नुसता वाया गेला असता.

हिशेबात एक तूट मात्र राहते. आठ फोटॉनांमागे चार इलेक्ट्रॉन वाहतात आणि बारा प्रोटॉन आत जमा होतात. पालकाच्या एटीपी सिंथेजची एक फेरी व्हायला चौदा प्रोटॉन लागतात आणि तीत तीन एटीपी बनतात. म्हणजे बारा प्रोटॉनांत अडीचहून थोडेच जास्त. लागतात तीन. ही तूट भरून काढायला काही इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे न जाता पहिल्या प्रकाशप्रणालीभोवती फिरून साखळीत परततात. त्यांच्या फेऱ्यांतून फक्त प्रोटॉन ढकलले जातात, एनएडीपीएच बनत नाही. धड्यात ‘चक्रीय फॉस्फोरिलीकरण’ या नावाने दोन ओळींत उरकलेला प्रकार तो हाच. त्याच्याशिवाय केल्विन चक्राचा खर्च भागत नाही.

ऊर्जेची वाट मध्येच तोडली तर काय होतं हे बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. उसात आणि मक्यात तणासाठी ॲट्राझिन फवारतात. ते दुसऱ्या प्रकाशप्रणालीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडायची जागा अडवतं. पाणी फुटणं थांबतं, एनएडीपीएच थांबतो, साखर थांबते. पण तण उपाशी राहून मरायच्या आधीच मरतं. हरितद्रव्य फोटॉन घेतच राहतं, त्या ऊर्जेला जायला वाट नसते, आणि तिच्यातून तयार होणारा विध्वंसक ऑक्सिजन पटलं जाळतो. म्हणून कडक उन्हात परिणाम लवकर दिसतो. पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात आणि मग वाळतात. हाच अडथळा यंत्राने मोजायचा तर हरितद्रव्यातून परत फेकला जाणारा लाल प्रकाश मोजतात. वाट बंद झाली की तो वाढतो. मका आणि ऊस या रसायनाला पेशीत निष्प्रभ करतात, म्हणून ते वाचतात.

उसाचा विषय निघालाच आहे, तर शेवटचा मागही उसातलाच घेऊ. हवाईतल्या ऊस संशोधकांनी केल्विनचाच प्रयोग उसाच्या पानावर केला, १९६५ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या सेकंदांत खूण सापडली ती फॉस्फोग्लिसरिक आम्लात नव्हे, मॅलेट आणि ॲस्पार्टेट या चार कार्बनांच्या आम्लांत. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी पुढे ही वाट पूर्ण उलगडली. ऊस कार्बन आधी बाहेरच्या पेशींत वेगळ्या विकराने धरतो, चार कार्बनांच्या आम्लातून तो शिरांभोवतीच्या पेशींत नेतो आणि तिथे सोडतो. मग रुबिस्को आणि केल्विन चक्र जसंच्या तसं चालतं. पहिला डाग बदलला, भेटीची पायरी तीच राहिली.

ही जादा वाहतूक एका कार्बनमागे दोन एटीपी खाते, म्हणजे तीनऐवजी पाच. तरीही तापलेल्या शिवारात ती परवडते, कारण रुबिस्कोचा स्वभाव विचित्र आहे. गहू, भात, हरभरा, सोयाबीन यांच्या पानांत साधारण पंचवीस अंशांना ते तीन-चार वेळा कार्बन डायऑक्साइड धरताना एकदा चुकून ऑक्सिजन धरतं. त्या चुकीतून सावरायला ऊर्जा जाते आणि धरलेला काही कार्बन परत हवेत जातो. तापमान वाढलं की चुका वाढतात. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी करून ही चूक जवळजवळ टाळतात.

अकरावीचा धडा घरात कुणी वाचत असेल तर त्याला एकच सांगा. दोन्ही आकृत्या एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी काढ, तीन कार्बन घे, अठरा इलेक्ट्रॉन न मोजता बारा मोज, आणि प्रत्येक बाण कुठल्या पायरीवर टेकतो ते स्वतः लिही. सहा एनएडीपीएचचे सहाही बाण एकाच पायरीवर टेकले नाहीत, तर आकृती चुकली आहे.